तक्रार तिची, निर्णय तुमचा

माझी मुलगी चिऊ साडेतीन वर्षांची आहे. गेल्या रविवारी कोथरूडला मैत्रिणीकडे भिशी होती. तिचा बंटी पाच वर्षांचा. दोघांची एका गाडीवरून ओढाओढी झाली, चिऊने ती गाडी त्याच्या अंगावर फेकली आणि मग स्वतःच जमिनीवर लोळण घेतली. मी तिला उचलून आतल्या खोलीत नेलं आणि शांत होईपर्यंत जवळ घेऊन बसले. बाहेर आले तर मैत्रीण सगळ्यांसमोर म्हणाली, "तू तिला डोक्यावर चढवून ठेवलंयस. वेळेवर एक फटका दिला असतास तर ही वेळ आली नसती. शाळेत गेली की कळेल तुला." मी काहीच बोलले नाही. आम्ही एस. पी. कॉलेजपासूनच्या मैत्रिणी आहोत. रात्री हा मेसेज लिहिला, पण अजून पाठवलेला नाही: "सॉरी, आज चिऊमुळे तुला त्रास झाला. पण तू सगळ्यांसमोर असं बोलायला नको होतंस. ती उपाशी होती, दुपारची झोप झाली नव्हती आणि गाडी आधी तिच्याच हातात होती. आम्ही तिला मारत नाही, कारण मारल्याने मुलं आणखी हट्टी होतात. तज्ज्ञही तेच सांगतात, खाली दोन लिंक देते, वाच. आणि फटके खाऊन बंटी काही फार ऐकतो असं मला तरी दिसलं नाही." हा पाठवू का? मैत्री तुटायला नको आहे, पण मुलीला मारणार मात्र नाही.
— एक वाचक, सिंहगड रस्ता

*

हा मेसेज पाठवू नका. तुमचा राग रास्त आहे, पण तो चुकीच्या गोष्टीला उत्तर देतो आहे.

मैत्रिणीच्या बोलण्यात दोन गोष्टी एकमेकींत अडकल्या आहेत. एक आहे तक्रार आणि दुसरा आहे निकाल. निकाल तिने मोठ्याने सांगितला: तू मुलीला बिघडवते आहेस आणि त्यावर इलाज फटका. तक्रार मात्र तिच्या तोंडून आलीच नाही. तुमचंच पत्र पुन्हा वाचून पाहा. गाडी अंगावर येईपर्यंत बंटी त्यात आहे, मग तो दिसेनासा होतो. तुम्ही आतल्या खोलीत चिऊला घेऊन बसलात तेव्हा तो बाहेर होता, त्याला लागलं होतं आणि ज्या मुलीने मारलं तिला तिची आई कुशीत घेऊन बसली आहे एवढंच त्याला आणि त्याच्या आईला दिसत होतं. "माझ्या मुलाला लागलं आणि तू त्याच्याकडे पाहिलंही नाहीस" हे भरल्या घरात बोलणं अवघड असतं. डोक्यावर चढवल्याचं बोलणं सोपं असतं, म्हणून ते बाहेर आलं.

तिच्या मनात नेमकं काय होतं हे तिलाच माहीत. तरी उत्तराची आखणी याच वाटणीवर करा. तक्रारीला पूर्ण, मोकळं उत्तर द्या. निकालाला एका वाक्यात नकार द्या. बहुतेक उत्तरं बिघडतात ती इथेच: लोक निकालाशी पानभर वाद घालतात आणि तक्रारीला "सॉरी, त्रास झाला" एवढ्यावर वाटेला लावतात. तुमच्या मेसेजमध्येही हेच झालं आहे.

उत्तर लिहिण्याआधी स्वतःची खात्री करून घ्या, कारण ठामपणा तिथून येतो. चिऊच्या वयात अशी लोळण घेणं अगदी नेहमीचं आहे. साधारण वर्षापासून चार वर्षांपर्यंत हे चालतं आणि मूल बोलून सांगायला शिकतं तसं कमी होत जातं. ऐन भरात असलेल्या मुलाला समजावून काही कळत नाही, त्यामुळे गर्दीतून बाजूला नेऊन शांत होऊ देणं बरोबरच होतं. मारण्याबद्दल अमेरिकेतल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने २०१८ मध्ये स्पष्ट भूमिका घेतली आहे की मुलांना फटके देऊ नयेत. "शाळेत गेली की कळेल" याचं म्हणाल, तर चिऊ पहिलीत जाईल तेव्हा तिला तिथे मार बसण्याचा प्रश्नच येऊ नये. शिक्षण हक्क कायदा, २००९ च्या कलम १७ ने शाळेतल्या शारीरिक शिक्षेला बंदी आहे. एक गोष्ट मात्र प्रामाणिकपणे तपासा. चिऊचं हे रोज, दिवसातून अनेकदा होत असेल, एकेक वेळ अर्धा तास शांतच होत नसेल किंवा त्यात ती स्वतःचं डोकं आपटत असेल, चावत असेल, तर बालरोगतज्ज्ञांना दाखवा. मैत्रीण म्हणाली म्हणून नव्हे, तशी गरज आहे म्हणून.

हे सगळं तुमच्या माहितीसाठी. यातलं एक अक्षरही मैत्रिणीला पाठवायचं नाही. का, ते तुमच्या मेसेजच्या ओळी घेऊनच सांगते.

"सॉरी, आज चिऊमुळे तुला त्रास झाला." ही माफी चुकीच्या माणसाची मागितली आहे. लागलं बंटीला. शिवाय "चिऊमुळे" म्हटलं की मोठ्या माणसाने काय करायचं राहिलं ते झाकलं जातं. माफी नेमक्या गोष्टीची असली तरच ती पोहोचते आणि तेवढ्याच गोष्टीची असली तर तुम्ही उरलेल्या बाबतीत मागे हटत नाही. "मी बंटीकडे आधी यायला हवं होतं" असं म्हटल्याने "चिऊला मारायला हवं होतं" हे कबूल होत नाही.

मग येतो "पण". मराठीत "सॉरी, पण" ऐकलं की समोरच्याला सॉरी ऐकूच येत नाही, तो पुढच्या वाराची तयारी करतो. तुमच्या उत्तरात "पण" एकदाही नको. वाक्य पूर्ण करा, पूर्णविराम द्या, नवीन वाक्य सुरू करा. हे लिहिताना वाटतं त्यापेक्षा कठीण जातं, म्हणून पाठवण्याआधी तेवढा एक शब्द शोधून काढा.

"ती उपाशी होती, झोप झाली नव्हती, गाडी आधी तिच्याच हातात होती." तीनही गोष्टी खऱ्या असतील. तरी तुम्ही दिलेलं प्रत्येक कारण म्हणजे पुढच्या वादाला दिलेलं आमंत्रण असतं. "उपाशी होती" म्हणालात की उत्तर येईल, "मग खायला घालून आणायचं ना." "झोप झाली नव्हती" वर, "बंटीचीही झाली नव्हती." आणि गाडी आधी कोणाच्या हातात होती याची तर सुनावणीच सुरू होईल, ज्यात दोन्ही साक्षीदार सहा वर्षांच्या आतले. तिसऱ्या मेसेजपर्यंत फटक्याचा विषय बाजूला पडेल आणि तुम्ही चिऊच्या जेवणाच्या वेळांचा बचाव करत बसाल. ज्या निर्णयावर चर्चा नको आहे, त्याला कारण जोडायचं नाही. "कारण" हा शब्दही त्या "पण"सोबतच काढा.

लिंक देण्यात त्याहून मोठा धोका आहे. तुमची मैत्रीण बंटीला फटका देते, हे तुम्हीच लिहिलं आहे. मारल्याने मुलं बिघडतात असा लेख तिला पाठवला की तिला त्यात एकच वाक्य ऐकू येईल: मी वाईट आई आहे. खरं तर तुम्ही एक शब्द न बोलता चिऊला शांतपणे कुशीत घेतलंत, तेव्हाही तिला हे थोडंसं ऐकू आलं असण्याची शक्यता आहे. दोन घरांत दोन पद्धती असल्या की प्रत्येकीला दुसरीची पद्धत हीच आपल्यावरची टीका वाटते. म्हणून तिच्या घराबद्दल तुम्ही काही म्हणत नाही आहात, हे उत्तरातून कळायला हवं.

बंटीबद्दलची शेवटची ओळ आत्ताच पुसून टाका. ती पाठवली गेली तर बाकी सगळा मेसेज विसरला जाईल आणि ती एकच ओळ तुमच्या मैत्रीत वर्षानुवर्षं राहील. मुलाबद्दल बोललेलं आई विसरत नाही. तुम्हीही विसरला नाहीत, म्हणून तर हे पत्र लिहिलंत.

"सगळ्यांसमोर बोलायला नको होतंस" हे मात्र ठेवायचं आहे. ही तुमची खरी तक्रार आहे. फक्त ती झालेल्या गोष्टीचा दोष म्हणून न मांडता पुढच्या वेळेची विनंती म्हणून मांडा. दोषावर वाद होतो, विनंतीला हो किंवा नाही म्हणावं लागतं.

मग उरतं ते असं काहीसं:

"अगं, रविवारी बंटीला लागलं तेव्हा मी आधी त्याच्याकडे यायला हवं होतं. चिऊला घेऊन सरळ आत गेले, त्याला साधं विचारलंही नाही. ते माझं चुकलं. कसा आहे तो? 

चिऊला मारायचं नाही हे आमचं दोघांचं ठरलंय आणि ते तसंच राहणार आहे. तिने कोणाला मारलं तर तिला थांबवणं माझं काम, ते मी करेन. तुला काही खटकलं तर मला बाजूला घेऊन बिनधास्त सांग, तिच्यासमोर नको.

शनिवारी सकाळी एआरएआय टेकडीवर येतेस? मुलांना घरी ठेवून. खूप दिवसांत नुसत्या आपण दोघी भेटलो नाही."

शब्द तुमच्या दोघींच्या बोलण्यातले घाला. "बिनधास्त" तुमच्यात चालत नसेल तर काढा. क्रम मात्र बदलू नका. बंटी सगळ्यात आधी हवा, तोही प्रश्नासकट, कारण "कसा आहे तो?" ला तिला उत्तर द्यावंसं वाटेल. निर्णय मधोमध हवा. तो शेवटी टाकला तर सगळ्या मेसेजची चव तीच राहते आणि सुरुवातीला टाकला तर पुढची माफी ती वाचणारच नाही. भेटीचं शेवटी, आणि "भेटू कधीतरी" असं मोघम नको. वार, वेळ, जागा हवी. "भेटू कधीतरी" हा पुण्यात न भेटण्याचा सभ्य मार्ग आहे, हे तिलाही माहीत आहे.

मधल्या परिच्छेदातल्या "ठरलंय" या शब्दाला धरून राहा. "मला असं वाटतं की मारू नये" म्हटलं की ते मत होतं आणि मतावर मत देता येतं. "ठरलंय" म्हणजे विषय झालेला आहे. "आमचं दोघांचं" लिहिण्याआधी नवऱ्याशी एकदा नीट बोलून घ्या. नाहीतर पुढच्या भेटीत ती त्यालाच विचारेल, "काय हो, तुम्हालाही हे पटतं?" आणि तो हसून "हिलाच विचारा" म्हणाला की तुमचं वाक्य तिथेच पडलं. तो अजून द्विधा असेल तर "मी ठरवलंय" लिहा. खरं तेवढंच लिहायचं.

हे लेखीच पाठवा, व्हॉइस नोट नको. आवाज कापला तर तो कापरेपणाच ती ऐकेल आणि बोलता बोलता तुम्ही कारणांत शिरालच. रात्री अकराला नको. बंटी शाळेत गेला की ती चहा घेऊन बसत असेल, ती वेळ बघा. भिशीच्या ग्रुपवर तर अजिबात नको, तिथे तिला माघार घ्यायला जागाच उरणार नाही. रविवार होऊन काही दिवस गेले आहेत त्याची काळजी करू नका आणि उशीर झाला म्हणून माफीही मागू नका. हात जोडलेली इमोजीही नको. त्या इमोजीने निर्णयाचं वाक्य विनवणीसारखं दिसतं, किंवा टोमण्यासारखं.

आता तिचं उत्तर. ती "सॉरी यार" म्हणाली तर प्रश्न मिटला, तिथे आणखी काही समजावू नका. बहुधा मात्र तीनपैकी एक काहीतरी येईल.

"अगं, तुझ्या भल्यासाठीच बोलले मी." यावर "माहितीये मला, म्हणून तर सरळ तुझ्याशीच बोलतेय" एवढं पुरे. खरंच भल्यासाठी होतं का, हे शोधत बसू नका.

"आपल्याला नाही का मारलं आपल्या आईबाबांनी? काय वाईट झालं आपलं?" या वाक्यात पाय घातला की तो निघत नाही. तुम्ही तुमच्या किंवा तिच्या आईवडिलांवर बोलायला लागाल आणि ती त्यांची बाजू घेईल, जे अगदी साहजिक आहे. "आईबाबांबद्दल माझी काहीच तक्रार नाही. चिऊचं आम्ही असं ठरवलंय." इथे थांबा. दोन वाक्यांच्या मध्ये "तरीपण" येऊ देऊ नका.

"म्हणजे मी बंटीला मारते म्हणून मी वाईट आई, असंच ना?" हे आलं तर पटकन उत्तर द्या, कारण सगळा सल ह्यातच आहे. "नाही गं. बंटीसाठी तू किती धावतेस ते मी बघते ना. तुझ्या घरातलं तू ठरवायचंस. मी फक्त चिऊचं बोलतेय." त्याच दमात बंटीला न मारण्याचे फायदे सांगायचा मोह आवरा. तिने पुढे कधी आपण होऊन विचारलं, "तू न मारता कसं करतेस?" तर तेव्हा सांगा आणि सविस्तर सांगा. तो दिवस तुमचा असेल.

ती पुन्हा तिथेच आली तर तुम्हीही तेच वाक्य म्हणा, शब्द न बदलता: "चिऊचं आम्ही असं ठरवलंय." दरवेळी नव्या शब्दांत सांगितलं की समोरच्याला वाटतं, अजून चर्चा चालू आहे, आणखी एक धक्का दिला तर हलेल. तेच वाक्य, आधीपेक्षा थोडं हळू, थोडं खालच्या आवाजात. दोनदा म्हणून झालं की दुसऱ्या विषयावर जा. स्वतःचा आवाज चढू लागला, किंवा बोलण्यात "तू नेहमी", "तुला काय कळतं" असं यायला लागलं, तर ठामपणा संपून भांडण सुरू झालं असं समजा आणि "आपण शनिवारी बोलू" म्हणून फोन ठेवा.

टेकडी सुचवली त्यालाही कारण आहे. समोरासमोर बसून हॉटेलात हे बोललं की एकमेकींच्या चेहऱ्यावरची प्रत्येक आठी दिसते. शेजारी चालताना नजर वाटेवर असते आणि चढावर दम लागतो, त्यामुळे वाक्यं आपोआप आखूड होतात. हा विषय चढतानाच संपवा आणि उतरताना दुसरं काही बोला. तिने विषय काढलाच नाही तर तुम्हीही काढू नका. लिहून झालं आहे, तिने वाचलं आहे आणि ती आली आहे.

पुढच्या भिशीला खरी परीक्षा आहे, कारण "थांबवणं माझं काम, ते मी करेन" असं तुम्ही लेखी दिलं आहे. चिऊला घरून खाऊ घालून न्या, तिच्या दोन गाड्या पिशवीत टाका. तरी मारामारी झालीच तर एका हाताने चिऊचा हात घट्ट धरा, तिच्यासकट आधी बंटीपाशी खाली बसा आणि त्याला विचारा, "लागलं का रे? दाखव." चिऊ रडत असली तरी. याला दहा-पंधरा सेकंद लागतात आणि आई म्हणून मैत्रिणीला जे हवं आहे ते यातच आहे. मग चिऊला घेऊन बाजूला जा. ती शांत झाली की एकच वाक्य सांगा: "गाडी फेकायची नाही, बंटीला लागतं." आणि गाडी तिच्याच हाताने परत द्यायला लावा. रडत्या मुलीकडून सगळ्यांसमोर "सॉरी म्हण, म्हण ना" करून घेऊ नका. त्यात तिला बंटीचं दुखणं कळत नाही, फक्त सगळे आपल्याकडे बघताहेत एवढं कळतं.

आणि मैत्रीण तेव्हाही चिऊच्या देखत बोललीच, तर तिथे उत्तराचा मोठा संच काढायचा नाही. "यावर नंतर बोलू" एवढंच, नेहमीच्या आवाजात, आणि लक्ष मुलीकडे. साडेतीन वर्षांच्या मुलीला "डोक्यावर चढवलंय" याचा अर्थ कळत नसला तरी ते आपल्याबद्दल आहे आणि मावशी चिडली आहे हे बरोबर कळतं. घरी जाताना तिने विचारलं तर "बंटीला लागलं म्हणून मावशीला राग आला होता" असं सांगा. तेच खरं आहे, आणि त्यात मावशी वाईट ठरत नाही.

विनंती करूनही हे तिसऱ्यांदा झालं, तर काही महिने मैत्रिणीला मुलांशिवाय भेटा. हेही लपवून करू नका, म्हणजे ती अंदाज बांधत बसणार नाही. "तुझ्याशी भेटणं मला सोडायचं नाहीये. सध्या मुलांना नको आणूया, त्यांच्यासमोर आपलं बिनसतं" असं तिला सांगा आणि त्याच फोनवर पुढच्या भेटीचा वार ठरवा.